अरबी कागद, मराठी अनुवाद: आकड्यांची दिशा आणि पानाची उलटापालट

अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे चालतो, पण त्यातले आकडे तसे चालत नाहीत. तीनशे पंचवीस ही संख्या अरबी ओळीतही मराठीसारखीच मांडली जाते: शतकाचा आकडा डावीकडे, एककाचा उजवीकडे. म्हणजे अरबी वाचकाची नजर उजवीकडून येते, संख्या लागली की तिच्या डाव्या टोकावर उडी मारते, संख्या वाचते आणि पुन्हा डावीकडे पुढच्या शब्दाकडे निघते. लहानपणापासून सवय असल्यामुळे त्याला हे जाणवतही नाही. अनुवादकाला मात्र ते दर ओळीला जाणवावे लागते, कारण अरबी कागदाच्या अनुवादातल्या महागड्या चुका शब्दार्थात कमी आणि आकड्यांच्या क्रमात व पानाच्या मांडणीत जास्त होतात. शब्द अडला तर कोश असतो. ‘८ ते १२’ की ‘१२ ते ८’ हे कोशात सापडत नाही.

असे कागद महाराष्ट्रात येतात ते मुख्यतः आखातातून. रत्नागिरी, रायगड, मुंबई या भागांतून कुवेत, सौदी अरेबिया, ओमान, अमिरातीत नोकरीला गेलेल्यांचे करार, पगाराचे दाखले, हिशेबाच्या पावत्या, जन्माचे आणि मृत्यूचे दाखले इथल्या बँकेत, कोर्टात किंवा विमा कंपनीत दाखवावे लागतात. त्यातला एक नमुना घेऊन पुढचे सगळे समजावता येते: कुवेतमधल्या एका खाजगी कंपनीचा चार पानी नोकरीचा करार. तिथल्या २०१० च्या कामगार कायद्यानुसार करार अरबीत असावा लागतो, सोबत दुसऱ्या भाषेतला मजकूर असला तरी वाद झाल्यास अरबी मजकूर खरा धरतात. त्यामुळे शेजारच्या रकान्यात इंग्रजी छापलेले असले तरी अनुवादकाला अरबीच वाचावे लागते. दोन्हीत तफावत निघाली तर तिची नोंद करणे हाही त्याच्याच कामाचा भाग असतो.

हा करार हातात घेतला की पहिली अडचण आकड्यांच्या आकाराची येते. कुवेत, सौदी, इराक, इजिप्त या पूर्वेकडच्या अरब देशांत जे आकडे छापतात त्यांना अरब लोक स्वतः ‘हिंदी आकडे’ म्हणतात. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियात मात्र इंग्रजीत वापरतात तेच आकडे चालतात, आणि आखातात दोन्ही एकाच पानावर सुखाने नांदतात: कराराचा मजकूर एका आकड्यांत, पासपोर्ट क्रमांक आणि बँकेचे खाते दुसऱ्या. पूर्वेकडचे आकडे असे:

```
० = ٠
१ = ١
२ = ٢
३ = ٣
४ = ٤
५ = ٥
६ = ٦
७ = ٧
८ = ٨
९ = ٩
```

मराठी डोळ्याला यात खास सापळे आहेत. अरबी पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा दिसतो. अरबी नऊ आपल्या एकासारखा, अरबी चार आपल्या सहासारखा, आणि अरबी सहा इंग्रजी सातासारखा. इंग्रजी वाचणाऱ्याची गल्लत होते ती पाच आणि सहाशी. मराठी वाचणाऱ्याच्या वाट्याला चार आणि नऊही येतात. उर्दू येणाऱ्यालाही सावध राहावे लागते, कारण उर्दूतले चार, पाच, सहा यांचे वळण अरबीहून वेगळे असते. हस्ताक्षरात आणखी एक घोळ असतो. घाईत लिहिताना बरेच अरब तिनाचा एक दाता गाळतात, मग तो छापील दोनासारखा दिसतो, आणि दोनाचा उरतो नुसता बाक. एकाच हाताने लिहिलेले दोन आणि तीन कागदावर शेजारी सापडेपर्यंत त्या हाताची लकब कळत नाही, म्हणून आधी सगळा कागद चाळून तसे ठिकाण शोधणे शहाणपणाचे.

सर्वांत निसरडे मात्र शून्य. अरबी शून्य म्हणजे फक्त एक टिंब. फोटोकॉपीची फोटोकॉपी झाली की ते टिंब पुसट होते, किंवा उलट, कागदावरचा डाग शून्य होऊन बसतो. करारातला मूळ पगार २५० दिनार आहे की २५, हे अशा प्रतीवर नुसत्या आकड्यांवरून ठरवताच येत नाही. ते ठरवायची सोय कागदातच असते. अरबी करारात, चेकवर, पावतीवर रक्कम अक्षरांतही लिहितात आणि तिच्यामागेपुढे ‘फकत’ आणि ‘ला गैर’ असे शब्द घालून दोन्ही टोके बंद करतात. आपल्या चेकवरच्या ‘फक्त’ आणि ‘मात्र’चेच हे भाऊबंद. म्हणून जाणता अनुवादक रक्कम आधी अक्षरांत वाचतो, मग आकड्यांत. अक्षरांत वाचताना मराठी माणसाला एक फायदा आहे. अरबीत पंचवीस म्हणजे ‘पाच आणि वीस’, एकक आधी आणि दशक नंतर, अगदी मराठीसारखे. इंग्रजीच्या सवयीने वाचणारा इथे ५२ लिहून बसण्याची शक्यता असते, मराठीत विचार करणारा सहसा अडखळत नाही.

या करारात एकूण पगार असा छापला आहे:

```
٣٢٥٫٥٠٠
```

मधल्या चिन्हामुळे ही संख्या तीन लाख पंचवीस हजार पाचशे वाटू शकते. ती तशी नाही. कुवेती दिनारचे शंभर नव्हे, हजार फिल्स होतात, त्यामुळे दशांशानंतर तीन स्थाने लिहितात. रक्कम आहे ३२५ दिनार आणि ५०० फिल्स. बहरीनचा दिनार आणि ओमानचा रियाल यांचेही तसेच, तर सौदी रियाल आणि अमिराती दिरहम यांचे आपल्या रुपयासारखे शंभर भाग. वर छापलेले चिन्ह अरबी दशांश चिन्ह आहे. हजाराचा गट पाडायला अरबीत दुसरे, थोडे वर चढलेले चिन्ह आहे, पण टंकताना बरेच जण साधा स्वल्पविराम किंवा पूर्णविराम दोन्हीसाठी वापरतात. त्यामुळे चिन्हावर विश्वास ठेवून भागत नाही. पगाराचे घटक पाहावेत: मूळ पगार २५०.०००, घरभाडे ५०.०००, प्रवास २५.५००. बेरीज ३२५.५००. प्रत्येक रकमेत टिंबानंतर तीनच आकडे आहेत हीच पुरेशी खूण. अनुवादात ते ‘३२५.५०० कुवेती दिनार (तीनशे पंचवीस दिनार पाचशे फिल्स)’ असे जसेच्या तसे ठेवावे. शेवटचे शून्य गाळून ३२५.५० केले तर गणिताने फरक पडत नाही, पण वाचणारा कारकून पन्नास फिल्स समजतो. रुपयांत रूपांतर तर अनुवादकाने करूच नये, विनिमयाचा दर हा कागदाचा भाग नसतो.

रकमेचा क्रम कधी उलटत नाही, कारण टिंब किंवा स्वल्पविराम आकड्यांच्या मधे आला तर संगणक पूर्ण संख्या एकच धरतो. खरा गोंधळ सुरू होतो तो आडवी रेघ, मोकळी जागा आणि अधिकचे चिन्ह यांच्यापाशी. करारात कामाचे तास सकाळी ८ ते १२ आणि दुपारी ४ ते ८ असे आहेत. टंकणाऱ्याने आधी आठ, मग आडवी रेघ, मग बारा दाबले. संगणकाच्या पोटात हाच क्रम साठलेला असतो. पण अरबी ओळीत पडद्यावर ते १२-८ असे दिसते. अरब वाचक उजवीकडून येतो, त्याला आधी आठ भेटतात, मग बारा, आणि अर्थ बरोबर लागतो. मराठी किंवा इंग्रजी सवयीची नजर डावीकडून पाहते आणि ‘१२ ते ८’ लिहून मोकळी होते. दुपारची पाळीही त्याच न्यायाने ‘८ ते ४’ होते. आता माणूस दुपारी बारापासून रात्री आठपर्यंत आणि पुन्हा आठपासून पहाटे चारपर्यंत राबतो आहे असा करार तयार होतो! याच कलमात रोजचे एकूण तास आठ असे अक्षरांत लिहिलेले असते. चार अधिक चार आठ होतात, आठ अधिक आठ होत नाहीत, आणि चूक तिथेच उघडी पडते. अशी पडताळणी ज्या आकड्याला उपलब्ध नसते, तो आकडा खरा धोक्याचा.

हे असे का दिसते, हे एकदा समजले की बाकीचे बरेच आपोआप सुटते. निरनिराळ्या दिशांचा मजकूर एका ओळीत कसा मांडायचा याचे नियम युनिकोड या अक्षरसंकेताने ठरवून दिले आहेत आणि बहुतेक सगळे संगणक व फोन तेच पाळतात. त्या नियमांत प्रत्येक चिन्हाला स्वभाव दिलेला आहे. अरबी अक्षर पक्के उजवीकडून चालणारे, रोमन आणि देवनागरी अक्षर पक्के डावीकडून चालणारे. मोकळी जागा, रेघ, कंस यांना स्वतःची दिशा नाही, ती शेजाऱ्यांवरून ठरते. आकडे मधल्या वर्गातले: स्वतः नेहमी डावीकडून उजवीकडे मांडले जातात, पण आजूबाजूच्या चिन्हांना अरबी ओळीत उजवीकडून चालायला लावतात. म्हणून आठ आणि बारा प्रत्येकी शाबूत राहतात, पण दोघांची जागा एकमेकांत बदलते.

यात एक बारीक नियम आहे, तो माहीत नसला तर माणूस चक्रावतो. आकडे इंग्रजी वळणाचे असले तर त्यांचे वागणे त्यांच्या आधी अरबी अक्षर आले आहे का, यावर ठरते. आले असेल तर ते अरबी आकड्यांसारखे वागतात आणि आडव्या रेघेपाशी तुटतात. नसेल, म्हणजे तक्त्याच्या खान्यात आकडे एकटेच असतील, तर रेघेसकट एकसंध राहतात. परिणाम असा:

```
टंकलेला क्रम                      8-12
अरबी शब्दानंतर, वाक्यात दिसतो      12-8
तक्त्याच्या खान्यात एकटा दिसतो      8-12
```

एकाच करारात कलम चारमध्ये एक क्रम आणि जोडलेल्या तक्त्यात दुसरा क्रम दिसला तर लिहिणाऱ्याने चूक केली असे म्हणण्याची घाई करू नये, पोटातला क्रम एकच असू शकतो. फाइल हाती असेल तर ते तपासण्याचा मार्ग साधा आहे. तेवढेच आकडे उचलून, अरबी वळणाचे असतील तर आधी इंग्रजी वळणाचे करून, डावीकडून चालणाऱ्या कोऱ्या ओळीत एकटे डकवावेत. आजूबाजूला अरबी काही उरले नाही की साठवलेला खरा क्रम दिसतो. अरबी वळणाचे आकडे तसेच डकवले तर कोऱ्या ओळीतही रेघेपाशी उलटतात, म्हणून आधीचे रूपांतर चुकवू नये.

टेलिफोन क्रमांकाचे हाल याहून वाईट होतात. कंपनीचा क्रमांक टंकताना आधी अधिक चिन्ह, मग देशाचा संकेतांक ९६५, मग जागा सोडून चार-चार आकड्यांचे दोन गट दिलेले असतात. अरबी ओळीत तो असा दिसतो:

```
टंकलेला     +965 1234 5678
दिसणारा     5678 1234 965+
```

शेवटी लोंबणारे अधिक चिन्ह हीच क्रमांक उलटल्याची सर्वांत भरवशाची खूण. आठ ते बारा असे उलटे दिसणे अरब वाचकाला सोयीचे होते, टेलिफोन क्रमांक मात्र त्यालाही डावीकडूनच हवा असतो, म्हणजे इथे मूळ कागदच बिघडलेला आहे. अनुवादकाने पडद्यावर दिसते ते न उतरवता गट योग्य क्रमाने लिहावेत. जावक क्रमांकाची गोष्ट निराळी. ‘२३४, तिरकी रेघ, ब, तिरकी रेघ, २०२३’ असा क्रमांक अरबी कागदावर २३४ उजवीकडे आणि वर्ष डावीकडे असा दिसतो, आणि तो तसाच बरोबर असतो. मधल्या अक्षराने दोन्ही संख्यांना वेगळे केले आहे, म्हणून वाचन उजवीकडून करायचे. मराठीत ते २३४/ब/२०२३ होते. डावीकडून उतरवले तर २०२३/ब/२३४ असा क्रमांक तयार होतो, आणि पुढे कुणी त्या कार्यालयाला तो कळवून चौकशी केली तर तसा कागदच दफ्तरात सापडत नाही.

तारखेविषयी लोक फार घाबरतात, त्या मानाने ती बरीच निरुपद्रवी आहे. वर्ष चार आकडी असते आणि अरबी रिवाजात दिवस, महिना, वर्ष हाच क्रम असतो. तो उजवीकडून वाचला काय किंवा वर्षाकडून उलट वाचला काय, महिना मधेच राहतो. अडचण दोनच ठिकाणी येते: वर्ष दोन आकडी लिहिलेले असेल तेव्हा, आणि कंपनीची संगणक-प्रणाली अमेरिकी पद्धतीने महिना आधी छापत असेल तेव्हा. मग ५ ऑक्टोबर की १० मे असा प्रश्न पडतो. अरबी कराराची सुरुवात बहुधा ‘आज अमुक वारी, अमुक तारखेस’ अशी असते. आपल्या करारात वार आहे ‘अल-खमीस’, म्हणजे गुरुवार, आणि वर्ष २०२३. त्या वर्षी ५ ऑक्टोबरला गुरुवार होता, १० मे रोजी बुधवार. प्रश्न मिटला. वाराचा हा एक शब्द अनुवादात गाळू नये, पुढच्या वाचकालाही तीच किल्ली लागणार असते.

सौदी कागदावर तारखेला दुसरा पदर असतो, तो हिजरी पंचांगाचा. हिजरी वर्ष चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, आणि आपल्या अधिक मासासारखी भरपाई त्यात नाही, त्यामुळे ते दर वर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकते. सौदी सरकारने २०१६ मध्ये सरकारी पगार इंग्रजी महिन्यांवर नेले, पण जुन्या कागदांवर हिजरीच सापडते. वर्षापुढे ‘हे’ हे अक्षर असले तर हिजरी, ‘मीम’ असले तर इसवी. गंमत अशी की एकटे ‘हे’ अरबी पाचासारखेच दिसते, म्हणून त्याला पुढे एक आडवी शेपटी जोडून लिहितात. शेपटी पुसट झालेल्या प्रतीवर १४४५ हे वर्ष ५१४४५ वाटू लागते.

रूपांतर करताना कोणत्या देशाचे पंचांग धरायचे याला महत्त्व आहे. सौदीत कामकाजासाठी उम्म अल-कुरा हे आधी गणित करून ठरवलेले पंचांग वापरतात. भारतात चंद्रदर्शनावर महिना सुरू होतो. हिजरी १४४५ च्या रबीउल अव्वलची १२ तारीख सौदी पंचांगात २७ सप्टेंबर २०२३ रोजी येते. भारतात तीच ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला होती. त्याच दिवशी अनंत चतुर्दशी असल्यामुळे मुंबईतली मिरवणूक २९ तारखेला नेण्यात आली, हे पुष्कळांना आठवत असेल. मुंबईच्या कॅलेंडरवरून सौदी कागदाची तारीख काढली तर एका दिवसाने चुकते. म्हणून अनुवादात हिजरी तारीख मूळची म्हणून ठेवावी आणि इसवी तारीख ‘अनुवादकाने काढलेली’ असा उल्लेख करून चौकटी कंसात द्यावी. कागदावर दोन्ही तारखा छापलेल्या असतील तर छापलेली इसवी तारीखच घ्यावी, गणितात ती एका दिवसाने वेगळी निघाली तरीही. ‘एक वर्षाची मुदत’ असा शब्द आला तर ते वर्ष कोणते हे अनुवादकाने ठरवायचे नसते, कागदाने सांगितले असेल तेवढेच लिहायचे.

आकड्यांचे निस्तरले की पान उलटवायचे काम राहते. अरबी करार उजव्या कडेला शिवलेला असतो. आपण जिथे मलपृष्ठ मानतो तिथे त्याचे पहिले पान. स्कॅन करणाऱ्या दुकानदाराला हे ठाऊक नसले तर चार पानांची फाइल ४, ३, २, १ अशी येते, म्हणून कलमांचे क्रमांक पाहूनच सुरुवात करावी. पान मराठीत आणताना नियम सोपा आहे: वाचनाचा क्रम राखायचा, चित्र राखायचे नाही. अरबी तक्त्यात उजवीकडचा पहिला रकाना अनुक्रमांकाचा असतो, तो मराठीत डावीकडे जातो. सहीच्या जागी पहिला पक्ष, म्हणजे मालक, उजवीकडे आणि दुसरा पक्ष डावीकडे असतो. मराठीत त्यांची अदलाबदल होते. तक्ता वर्ड-प्रणालीत नीट बांधलेला असेल तर तक्त्याच्या गुणधर्मांत दिशेची एक खूण असते, ती डावीकडून उजवीकडे केली की सगळे रकाने एका फटक्यात जागा बदलतात. पण रकाने टॅबची कळ किंवा मोकळ्या जागा दाबून पाडलेले असतील तर ही खूण काही करत नाही, आणि शीर्षके एका बाजूला व आकडे दुसऱ्या बाजूला असा तक्ता हाती येतो. अशा वेळी नवा तक्ता आखणे हेच कमी वेळेचे काम.

बरोबर-चुकीच्या चौकोनांपाशी विशेष थांबावे लागते. अर्जात ‘विवाहित’ आणि ‘अविवाहित’ असे दोन पर्याय असतात. अरबी अर्जात चौकोन बहुधा शब्दाच्या आधी, म्हणजे त्याच्या उजवीकडे असतो. डावीकडून पाहणाऱ्याला ओळ अशी दिसते:

```
अविवाहित [✓]   विवाहित [ ]
```

आपल्याकडच्या अर्जांत चौकोन शब्दाच्या डावीकडे असण्याची सवय झालेला माणूस मधला खुणेचा चौकोन ‘विवाहित’चा समजतो. तो ‘अविवाहित’चा आहे. दोन पर्यायांत ओळीच्या टोकाला कोणता चौकोन उरतो हे पाहिले की उलगडा होतो: इथे सर्वांत उजवीकडे शब्द नसून चौकोन आहे, म्हणजे चौकोन आधी आणि शब्द नंतर. मराठीत चौकोनच न काढता ‘वैवाहिक स्थिती: अविवाहित (खूण केलेली)’ असे लिहिले तर वादच संपतो.

काही गोष्टी मात्र उलटवायच्या नसतात. बोधचिन्ह, फोटो, नकाशा, एक्स-रे हे आहेत तसेच राहतात. शिक्के आणि सह्यांची नक्कल अनुवादात करत नाहीत, त्यांच्या जागी चौकटी कंसात वर्णन येते: [गोल शिक्का, निळी शाई, मजकूर अमुक], [सही, वाचता येत नाही]. इथे ‘उजवीकडे’ आणि ‘डावीकडे’ हे शब्द जपून वापरावेत. ‘मूळ कागदावर खाली डावीकडे’ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर वाचणारा उलटवलेल्या मराठी पानावर ते स्थान शोधतो. हाच धोका मजकुरातच दिशा आली असेल तेव्हाही असतो. ‘उजवीकडच्या रकान्यातील रक्कम’ असे वाक्य अरबीत असेल आणि अनुवादात तो रकाना डावीकडे गेला असेल, तर शब्दशः बरोबर असलेले वाक्य खोटे ठरते. रकान्याचे नाव घेऊन उल्लेख केला की प्रश्न उरत नाही. वैद्यकीय अहवालातला ‘उजवा गुडघा’ मात्र उजवाच राहतो, पान कितीही उलटले तरी! आलेखात काळाचा अक्ष उजवीकडून डावीकडे काढलेला असू शकतो. तो तसाच चिकटवला तर वाढणारी विक्री मराठी वाचकाला घसरताना दिसते. आलेख नव्याने काढता येत नसेल तर खाली ‘काळ उजवीकडून डावीकडे’ अशी टीप तरी द्यावी.

कागद पीडीएफ म्हणून आला आणि त्यातला मजकूर उचलता येत असला तर सोय झाली असे वाटते. ती सोय नेहमी खरी नसते. काही पीडीएफमध्ये अक्षरे वाचनाच्या क्रमाने न साठवता पानावर दिसतात त्या क्रमाने, डावीकडून, साठवलेली असतात. मजकूर उचलला की शब्द उलटे येतात. मग कुणीतरी पूर्ण ओळ उलटवणारे साधन वापरतो, शब्द सरळ होतात आणि त्याच झटक्यात आकडे उलटतात. २०१० सालचा कायदा ०१०२ सालचा होतो, आणि ३२५.५०० चे ००५.५२३ होते. शून्याने सुरू होणारे वर्ष किंवा रक्कम दिसली की ओळखावे. पण ११, २२, ५०५ अशा संख्या उलटूनही तशाच दिसतात, आणि ४१ चे १४ झाले तरी काही विचित्र वाटत नाही. म्हणून अशा फाइलमधला एकही आकडा उचललेल्या मजकुरातून घेऊ नये, पानाच्या चित्राकडे पाहून टंकावा. प्रतिमेवरून अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालींनाही अलिफ आणि एक, ‘हे’ आणि पाच, टिंब आणि शून्य यांत नीट फरक करता येत नाही. अक्षरांसाठी त्या उपयोगी पडतात, आकड्यांसाठी त्यांच्यावर विसंबणे योग्य नाही.

अनुवादात कोणते आकडे वापरायचे, देवनागरी की इंग्रजी वळणाचे, हे ज्या कार्यालयात कागद जायचा त्यावर ठरते. बँका इंग्रजी वळण पसंत करतात, मराठी न्यायालयीन कामात देवनागरी चालते. दोन रकान्यांच्या फाइलमध्ये अरबीशेजारी मराठी टंकताना देवनागरीचा एक अनपेक्षित लाभ होतो. युनिकोडने देवनागरी आकड्यांना अक्षरांसारखेच पक्के डावीकडून चालणारे ठरवले आहे, त्यामुळे ‘८-१२’ देवनागरीत लिहिले तर अरबी ओळीत पडूनही ते उलटत नाही. इंग्रजी वळणाचे आकडे वापरायचेच असतील तर त्यांच्या आधी डावी दिशा सांगणारे एक अदृश्य चिन्ह घालता येते, युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक `U+200E`. पण अदृश्य चिन्ह पुढच्या माणसाला दिसत नाही आणि मजकूर इकडून तिकडे नेताना गळून पडते. त्यापेक्षा रेघच टाळून ‘८ ते १२’ असे शब्दांत लिहिणे बरे.

काम संपल्यावर शेवटची फेरी मजकुराची नसते, फक्त आकड्यांची असते, आणि ती दोघांनी मिळून करायची असते. एकाने मूळ अरबी कागदावरून प्रत्येक आकडा एकेक अंक करून मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मराठी प्रतीवर बोट ठेवून तपासायचे. वाचणाऱ्याने संख्येचे नाव घ्यायचे नाही, अंकच म्हणायचे: तीन, दोन, पाच, दशांश, पाच, शून्य, शून्य. दुसऱ्याला अरबी येत नसले तरी चालते, उलट न येणारा बरा, कारण तो अर्थावरून अंदाज बांधत नाही. चार पानी करारात पासपोर्ट, रहिवासी ओळखपत्र, बँक खाते, तारखा, रकमा, कलमे आणि तास धरून अशी ठिकाणे पुष्कळ भरतात. तपासलेल्या प्रत्येक आकड्यावर मूळ कागदाच्या छायाप्रतीत पेन्सिलीने टिक करतात. सगळे झाल्यावर टिक नसलेला एखादा आकडा छायाप्रतीवर उरला, तर तो अनुवादात आलेलाच नाही असे समजून शोधायला लागायचे, आणि तो बहुतेक वेळा शिक्क्याच्या आत किंवा समासात तिरका लिहिलेला जावक क्रमांक निघतो.